एक दिवसाआड येणारा ताप आणि यकृतात राहिलेले बिऱ्हाड

«माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. २४ जुलैला दुपारी त्याला ताप आला. पहिले तीन दिवस रोज आला आणि मग एक दिवस सोडून, दुपारी एक-दीडच्या सुमारास, हुडहुडी भरून येऊ लागला. मधल्या दिवशी तो अगदी ठणठणीत असायचा. २५ तारखेची कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली, पण ३० तारखेला काचपट्टीवर व्हायवॅक्स मलेरिया सापडला. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप थांबला. चौदा दिवसांच्या दुसऱ्या गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची म्हणून पाच दिवसांनी आम्ही त्या बंद केल्या. तोवर तो बराही झाला होता. आता ३ ऑक्टोबरपासून पुन्हा तेच सुरू झाले आहे. घराच्या खिडक्यांना जाळ्या आहेत. हा ताप घड्याळ लावल्यासारखा का येतो, आणि गेलेला आजार परत आला कुठून?»
— एक आई, नवीन पनवेल

सप्रेम नमस्कार.

आधी आजचे काम सांगतो. मुलाचे रक्त आजच तपासून घ्या. ताप भरण्याची वाट पाहू नका. व्हायवॅक्सचे परजीवी ताप नसलेल्या दिवशीही रक्तात असतात आणि काचपट्टीवर दिसू शकतात. घरात उरलेल्या जुलैच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. त्यामागचे कारण पुढे येईल, पण त्यासाठी हा परजीवी शरीरात कोणत्या वाटेने जातो ते आधी पाहावे लागेल, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच वाटेवर आहेत.

ही वाट डास चावल्यापासून सुरू होते, आणि मुलाच्या बाबतीत तो डास बहुधा १० जुलैच्या आसपास चावला असावा. हा दिवस मी अंदाजाने धरला असला तरी तो हवेतून काढलेला नाही. त्याचा हिशेब पुढे दिला आहे. ॲनॉफिलिस जातीची मादी रक्त पिण्याआधी त्वचेत थोडी लाळ सोडते आणि तिच्यासोबत परजीवीची सुईसारखी बारीक रूपे आत उतरतात. त्यांना स्पोरोझॉइट म्हणतात. एका चाव्यात ती बहुधा काही डझनच असतात. ती त्वचेतून सरपटत एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी गाठतात आणि रक्ताबरोबर वाहत काही तासांच्या आत यकृतात पोचतात. चावलेल्या जागी खाज येते आणि विसरली जाते. त्या दिवशी रक्त तपासले असते तर काहीही सापडले नसते.

यकृतात गेल्यावर प्रत्येक स्पोरोझॉइट एकेका यकृतपेशीत शिरून मुक्काम ठोकतो. व्हायवॅक्सचा हा मुक्काम साधारण आठ दिवसांचा असतो. तेवढ्या काळात एका पेशीच्या आत त्या एकाचे सुमारे दहा हजार होतात. ती पेशी फुगून आपल्या मूळ आकाराच्या कितीतरी पट मोठी होते, आणि तरीही माणसाला काही म्हणता काही जाणवत नाही. ताप येत नाही, पोट दुखत नाही, कावीळ दिसत नाही. यकृतात पेशींची संख्या इतकी प्रचंड असते की त्यांतल्या दहा-वीस बिघडल्या तरी त्या अवयवाला त्याचा पत्ता लागत नाही. याच गुप्ततेमुळे वैद्यकशास्त्रालाही हा मुक्काम फार उशिरा कळला. १८८० मध्ये अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन येथे लाव्हेराँ यांनी माणसाच्या रक्तात परजीवी पाहिला आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला तो डासाच्या पोटात पाहिला. मात्र डास चावल्यापासून रक्तात दिसेपर्यंतच्या दिवसांत तो कुठे असतो, हे कोडे पुढची पन्नास वर्षे सुटले नव्हते. शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी माकडाच्या यकृतात त्याला शोधून काढले ते १९४८ मध्ये.

आता तो हिशेब. दहा स्पोरोझॉइट यकृतात वाढीला लागले असे धरू. आठ दिवसांनी, म्हणजे १८ जुलैच्या सुमारास, त्या दहा पेशी फुटल्या आणि एकूण एक लाख नवे परजीवी रक्तात आले. यांचे रूप वेगळे असते आणि नावही वेगळे, मेरोझॉइट. ते यकृताकडे वळत नाहीत, थेट तांबड्या पेशी धरतात. एका मेरोझॉइटला तांबड्या पेशीत शिरायला फार तर मिनिटभर लागतो. आत गेल्यावर ४८ तासांत तो वाढतो आणि विभागतो, पेशी फुटते आणि डझन-दीड डझन नवे मेरोझॉइट बाहेर पडतात. त्यांतले काही वाया जातात, म्हणून दर ४८ तासांना परजीवींची संख्या ढोबळमानाने दहापट होते असे धरायला हरकत नाही. मग १८ जुलैचे एक लाख २० तारखेला दहा लाख झाले, २२ तारखेला एक कोटी आणि २४ तारखेला दहा कोटी.

दहा कोटी हा आकडा ऐकून धडकी भरते, पण तरुण माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त असते आणि त्यात हे दहा कोटी विखुरले तर एका घनमिलिमीटरला फक्त वीस परजीवी येतात. तेवढ्याच जागेत तांबड्या पेशी पन्नास लाख असतात, म्हणजे अडीच लाख पेशींमागे एक बाधित पेशी. ज्याला हा आजार पूर्वी झालेला नाही अशा शरीराला ताप यायला एवढे पुरू शकतात, पण कार्ड टेस्टला दिसायला ते अपुरे आहेत. तिला साधारणपणे घनमिलिमीटरला शंभर-दोनशे परजीवी तरी लागतात. म्हणून २५ तारखेचे कार्ड निगेटिव्ह येणे ही प्रयोगशाळेची चूक मानायचे कारण नाही. तेच रक्त ३० तारखेपर्यंत दोन-तीन फेऱ्या पुढे गेले होते आणि काचपट्टीवर परजीवी सापडला. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला आणि पहिली तपासणी निगेटिव्ह निघाली, तर एक-दोन दिवसांनी ती पुन्हा करावी असे आम्ही सांगतो ते याच कारणाने. वरचे आकडे हिशेबासाठी गोल केलेले आहेत. प्रत्येक रोग्यात ते कमी-जास्त होतात. तरीही चावा आणि पहिला ताप यांच्यामध्ये साधारण दोन आठवडे का जातात, हे त्यांतून कळते.

आता तापाचे वेळापत्रक. मी तालुक्याच्या दवाखान्यात नवा असताना तिथल्या तंत्रज्ञांनी मला एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून दाखवली होती. ती बाहेरच्या बाकावर दोन घोंगड्या घेऊन कुडकुडत बसलेल्या एका शेतकऱ्याच्या रक्ताची होती. रंगवलेल्या रक्ताच्या फिकट गुलाबी पेशींमध्ये काही पेशी इतरांपेक्षा मोठ्या, ताणलेल्या आणि गुलाबी ठिपक्यांनी भरलेल्या होत्या. त्यांतल्या एकीत जांभळ्या दाण्यांचा गच्च घोस होता आणि त्याच्या मधोमध तपकिरी रंगाचा एक पुंजका. फोडलेल्या सीताफळात गरे दिसावेत तसे ते दाणे दिसत होते. “ही आता फुटणार. हिच्या बरोबरीच्या फुटल्या म्हणून तर तो बाहेर थंडीने हलतोय,” असे ते म्हणाले होते. तापाचे सगळे गणित त्या एका वाक्यात होते.

परजीवी तांबड्या पेशीत असतो तोवर शरीराच्या पहारेकऱ्यांना तो फारसा जाणवत नाही. पेशी फुटते तेव्हा नव्या परजीवींबरोबर त्याचा सगळा केरकचराही रक्तात सांडतो. त्यात परजीवीच्या आवरणाचे तुकडे असतात आणि तो तपकिरी पुंजकाही असतो. पांढऱ्या पेशी हा कचरा उचलतात आणि धोक्याची रसायने सोडतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमान-नियंत्रकापर्यंत संदेश पोचवतात आणि तो नियंत्रक शरीराचे ठरलेले तापमान ३७ अंशांवरून ४० च्या आसपास नेऊन ठेवतो. अंग अजून ३७ अंशांवर असते. मेंदूच्या नव्या हिशेबाने ते थंड पडलेले असते. म्हणून त्वचेकडचा रक्तपुरवठा आवळला जातो, हातपाय गार आणि नखे निळसर होतात, आणि उष्णता निर्माण करण्यासाठी स्नायू थरथरू लागतात. हीच हुडहुडी. ती पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते, आणि मुलगा गोधडी मागत असतो त्याच वेळी थर्मामीटरमधला पारा चढत असतो. नव्या उंचीवर पोचल्यावर थंडी थांबते, अंग चटके बसावेत इतके तापते, डोके ठणकते; हे दोन ते सहा तास चालते. पुढे रसायने ओसरतात, नियंत्रक पूर्वपदावर येतो, साठलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी दरदरून घाम फुटतो, अंथरूण भिजते आणि मुलगा गाढ झोपतो.

हा ताप दर ४८ तासांनी परत येतो, कारण पेशींची पुढची पिढी तयार होऊन फुटायला तेवढाच वेळ लागतो. इटलीच्या कॅमिलो गोल्जी यांनी १८८६ मध्ये रोग्यांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासून हे जुळवून दाखवले की परजीवी एकाच वेळी पिकतात आणि पेशी फुटण्याची वेळ हीच हुडहुडीची वेळ असते. आपल्याकडे आयुर्वेदाने या तापाला तृतीयक म्हटले आहे आणि त्याहून एक दिवस लांबणाऱ्याला चतुर्थक. नावात तीन आहे आणि ताप मात्र दोन दिवसांनी येतो, याचा अनेकांना गोंधळ होतो. तापाचा पहिला दिवस मोजणीत धरला की तिसऱ्या दिवशी पाळी येते, एवढाच त्याचा अर्थ. चतुर्थकाचा परजीवी वेगळ्या जातीचा असतो, त्याला पिकायला ७२ तास लागतात.

पण मग पहिले तीन दिवस ताप रोज का आला? याचे कारण पुन्हा यकृतातच आहे. तिथल्या दहा पेशी काही एका ठोक्याला फुटत नाहीत. काही १८ जुलैला फुटल्या असतील, तर काही १९ ला. एकदा असे झाले की रक्तात दोन तुकड्या तयार होतात, प्रत्येकीचे वेळापत्रक ४८ तासांचेच, पण एक सम तारखांना पिकणारी आणि दुसरी विषम. रोग्याला मात्र रोज ताप दिसतो. या दिवसांत वेळही पुढे-मागे होते, आणि ताप मलेरियासारखा न दिसता टायफॉइडसारखा किंवा साध्या फ्ल्यूसारखा दिसतो. पुढे काही दिवसांत बहुधा एक तुकडी वरचढ होते आणि दुसरी मागे पडते. असे का होते, याची काही कारणे दिसतात. एक तर तापच परजीवीला छाटतो. पेशीत नुकताच शिरलेला परजीवी ४० अंशांची उष्णता बऱ्यापैकी सोसतो, पण अर्ध्याहून अधिक वाढलेल्या परजीवीला ती मानवत नाही. एका तुकडीने ताप आणला की वेळ चुकलेले, अर्धवट पिकलेले परजीवी त्या तापात भाजून निघतात आणि जे बरोबरीने आले ते तगतात. याशिवाय माणसाच्या जेवणाझोपेच्या रोजच्या लयीशीही परजीवी आपली वाढ जुळवून घेतो असे दिसते. यांपैकी कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. तुमच्या मुलाचे २४, २५, २६ हे रोजचे आणि नंतर २८, ३० असे एकाआड एक दिवस, हे त्या चाळणीचे चित्र आहे.

तुमच्या पत्रातला «मधल्या दिवशी अगदी ठणठणीत» हा शब्दप्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण याच दिवशी घरोघरी फसगत होते. ताप उतरतो, पोरगा जेवतो, कॉलेजला जातो आणि आई-वडिलांना वाटते की निभावले. प्रत्यक्षात परजीवीच्या जेवणाचा तोच दिवस असतो. हुडहुडी भरली तेव्हाच नवे परजीवी नव्या पेशींत जाऊन बसलेले असतात, आणि ताप नसलेल्या तासांत ते आतले हिमोग्लोबिन खात असतात. पेशी फुटेपर्यंत तिच्यातले बहुतेक हिमोग्लोबिन संपलेले असते. व्हायवॅक्सला नव्या, कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात आणि त्या रक्तात शंभरात एखादीच असते, म्हणून त्याची संख्या बेसुमार वाढत नाही. तरीही पाळ्या लांबल्या की रक्त कमी होते, चेहरा पांढुरका पडतो, आणि डाव्या बरगडीखाली जुन्या लोकांच्या भाषेत पाणथरी, म्हणजे वाढलेली प्लीहा, हाताला लागू लागते.

या जेवणातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. हिमोग्लोबिनमधला प्रथिनाचा भाग परजीवीला पचतो, पण त्यातला लोहयुक्त भाग, ज्याला हीम म्हणतात, तो त्याला विषारी असतो. म्हणून तो त्या हीमचे न विरघळणारे स्फटिक करून एका कोपऱ्यात साठवतो. काचपट्टीवर दिसलेला तपकिरी पुंजका म्हणजे हेच स्फटिक. मुलाला तीन दिवस दिलेल्या गोळ्या क्लोरोक्विनच्या असणार, आणि क्लोरोक्विन नेमके हे स्फटिक होऊ देत नाही. उष्टे-खरकटे बाहेर टाकायची मोरीच तुंबावी तसे होते. परजीवी स्वतःच्या कचऱ्याच्या विषाने मरतो, आणि ताप दोन-तीन दिवसांत थांबतो.

पण यकृतपेशीत बसलेला परजीवी हिमोग्लोबिन खातच नाही. तिथे स्फटिक नाहीत, मोरी नाही, आणि म्हणून क्लोरोक्विनला अडवण्यासारखेही काही नाही. व्हायवॅक्सचे वैशिष्ट्य असे की १० जुलैला यकृतात शिरलेले सगळेच स्पोरोझॉइट वाढीला लागत नाहीत. त्यांतले काही पेशीत शिरून तसेच निजून राहतात. एका पेशीत एक, आकाराने अगदी लहान, न वाढणारे आणि न विभागणारे. त्यांना हिप्नोझॉइट म्हणतात, म्हणजे निद्रिस्त परजीवी, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले गेले ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित वर्षाहूनही उशिरा त्यांतला एखादा जागा होतो, आठवडाभर यकृतात वाढतो, हजारो मेरोझॉइट सोडतो आणि तांबड्या पेशींतली ४८ तासांची फेरी पहिल्यापासून सुरू होते. त्यासाठी नवा डास चावावा लागत नाही. खिडकीची जाळी बाहेरच्या डासाला अडवते. आत झोपलेल्याला ती काय करणार! हे निद्रिस्त परजीवी रक्तात नसतात, त्यामुळे रोजच्या वापरातली कोणतीही रक्ततपासणी त्यांना दाखवू शकत नाही. ऑगस्टमध्ये रक्त स्वच्छ आले असेल तर ते खरोखरच स्वच्छ होते. बिऱ्हाड यकृतात राहिले होते.

चौदा दिवसांच्या गोळ्या, म्हणजे प्रायमाक्विन, या बिऱ्हाडासाठी असतात. हे औषध यकृतातच आपल्या परिणामकारक रूपात बदलते आणि निद्रिस्त परजीवींना मारते. त्याचा परिणाम मुख्यतः शरीरात गेलेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो, आणि चौदांपैकी पाच दिवस म्हणजे एक तृतीयांशाच्या थोडेच पुढे. पूर्ण मात्रेने जे मेले असते त्यांतले काही या अर्धवट मात्रेत वाचले असणार. ताप थांबल्याचा आणि या गोळ्यांचा संबंध नव्हता, ही गोष्ट त्या वेळी कोणी तुम्हाला नीट समजावून सांगितली नसावी. बरे वाटल्यावर गोळ्या थांबवणाऱ्या कुटुंबांना मी दोष देत नाही. चौदा दिवसांचे औषध देताना दोन मिनिटे बसून ते कशासाठी आहे हे सांगणे आमचे काम आहे, आणि गर्दीच्या दिवसांत आम्हीच ते टाळतो.

ऑक्टोबरचा ताप जुनाच असावा असे मला वाटते, त्याचे आणखी एक कारण तारखांत आहे. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात निद्रिस्त परजीवी पुष्कळदा तीन-चार आठवड्यांतच जागा होतो, पण क्लोरोक्विन रक्तात कितीतरी आठवडे रेंगाळते आणि लवकर जागे झालेल्यांना रक्तात उतरताच मारते. त्याचा अंमल ओसरला की जो पुढचा जागा होतो तो तगतो. म्हणून क्लोरोक्विन घेतलेल्या रोग्यात आजार सहसा दीड-दोन महिन्यांनी उलटतो. तुमच्याकडे ३० जुलै ते ३ ऑक्टोबर हे नऊ आठवडे होतात. औषधाला न जुमानणारा परजीवी रक्तातच उरला असता तर ताप बहुधा महिन्याभरातच परतला असता. नवा डास चावला असण्याची शक्यता मात्र मी पूर्ण सोडत नाही. ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा आपल्या शहरांतला मलेरियाचा डास गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामावर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि पनवेलच्या आसपास बांधकामांना तोटा नाही. दोन्ही प्रकारांत उपचार एकच आहेत, त्यामुळे हा वाद मिटवण्यासाठी थांबायचे कारण नाही.

एका बाबतीत मात्र तापाच्या लयीवर मुळीच विसंबू नका. फाल्सिपेरम नावाचा दुसरा परजीवी गडचिरोलीसारख्या जंगलभागात जास्त असला तरी मुंबईच्या पट्ट्यातही सापडतो. त्याचीही फेरी ४८ तासांची असते, पण त्याच्या तुकड्या पुष्कळदा जुळतच नाहीत आणि ताप सतत किंवा कसाही येत राहतो. शिवाय त्याने बाधलेल्या पेशी पिकू लागल्या की सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, मेंदूत आणि मूत्रपिंडात अडथळे करतात, आणि काचपट्टीवर दिसते त्यापेक्षा आत कितीतरी जास्त परजीवी असू शकतात. म्हणून «ताप एक दिवसाआड येतो, म्हणजे साधाच मलेरिया» किंवा «ताप रोज येतो, म्हणजे मलेरिया नाही» हे दोन्ही निष्कर्ष घरी बसून काढू नयेत. कोणता परजीवी आहे हे रक्तच सांगते. मुलगा गुंगीत गेला, असंबद्ध बोलू लागला, झटके आले, सारखी उलटी होऊन गोळी पोटात ठरेना, धाप लागली किंवा लघवी फार कमी झाली, तर त्याला सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. व्हायवॅक्सचा रोगीही क्वचित असा अत्यवस्थ होतो.

आता घरात उरलेल्या गोळ्यांविषयी. त्या नऊ गोळ्या आज घेतल्या तर जुलैच्या पाच आणि आताच्या नऊ मिळून चौदा होतील असा हिशेब मनात येणे साहजिक आहे, पण तो चालत नाही. दोन महिन्यांच्या खंडानंतर कोर्स पहिल्यापासूनच धरावा लागतो. रक्तात व्हायवॅक्स सापडला की डॉक्टर वजनाप्रमाणे क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन पूर्ण चौदा दिवस देतील. त्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची रक्ततपासणी करून घ्या असे मी आग्रहाने सांगेन. हे विकर जन्मतः कमी असलेल्या माणसात प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात. हा दोष आईकडून मुलग्यांकडे येतो आणि एरवी त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. मागच्या वेळी पाच दिवस काही झाले नाही हे चांगले चिन्ह आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा जिना चढताना धाप लागली, तर गोळी त्याच क्षणी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हीच गोळी घरातल्या दुसऱ्या कोणाला, विशेषतः गरोदर बाईला किंवा वर्षाच्या आतल्या बाळाला, कधीही देऊ नका.

पोटातली जळजळ हे मात्र गोळ्या थांबवण्याजोगे कारण नाही. ती बहुधा उपाशीपोटी गोळी घेतल्याने होते. मुलाने ती दुपारच्या किंवा रात्रीच्या पोटभर जेवणानंतर लगेच घ्यावी, आमटी-भात किंवा भाजी-भाकरी खाऊन, चहा-बिस्किटावर नको. तरीही जळजळ राहिली तर डॉक्टरांना सांगा, ते पोटासाठी वेगळे औषध देतील, पण आपल्या हाताने दिवस गाळू नका. क्लोरोक्विनने ताप थांबल्यावरही अकरा-बारा दिवस या गोळ्या चालूच राहतील, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या विसरल्या जातात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोजच्या गोळीसाठी एक खूण करत जा.

पुढचे वर्षभर मुलाला कोणताही ताप आला, तो दिवसाआड येवो किंवा रोज, तर पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्या, आणि पहिले कार्ड निगेटिव्ह आले तर दोन दिवसांनी पुन्हा तपासा. डॉक्टर नवे असतील तर त्यांना तीन तारखा सांगा: २४ जुलै, ३० जुलै आणि ३ ऑक्टोबर. आणि प्रायमाक्विन पाचव्या दिवशी बंद केले होते, हेही न संकोचता सांगा.